‘उतारे कच्चे’ म्हणजे नेमकं काय कच्चं?

पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना ‘सीसॅटमध्ये कुठे अडतं?’ असं विचारलं, तर बहुतेकांकडून एकच उत्तर येतं, “सर, उतारे कच्चे आहेत.” मी गेली अनेक वर्षं हाच विषय शिकवतो आहे आणि या उत्तराने मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं. डॉक्टरकडे जाऊन ‘पोट बिघडलंय’ म्हणावं तसं हे आहे. नेमकं काय बिघडलं हे त्यातून कळत नाही, आणि ते कळेपर्यंत दिलेलं कुठलंही औषध अंदाजानेच दिलेलं असतं. मुलं मग सगळ्यांवर चालणारं एकच औषध घेतात. रोज पाच उतारे सोडवायचे, उत्तरतालिकेशी ताडून पाहायचे, गुण वहीत लिहायचे. सहा महिने झाले तरी गुणांचा आकडा जागचा हलत नाही.

राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर म्हणजे सीसॅट. त्यात 80 प्रश्न, 200 गुण आणि दोन तास असतात. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक चतुर्थांश गुण कापले जातात. आता हा पेपर अर्हताकारी झाला आहे, म्हणजे 33 टक्के, अर्थात 66 गुण मिळवले की पुरे. पण ते न मिळाल्यामुळे पहिल्या पेपरात चांगले गुण असलेली मुलं बाहेर पडतात, आणि तेव्हा त्यांचं एक अख्खं वर्ष जातं. या पेपरात सर्वांत मोठा वाटा उताऱ्यांवरच्या प्रश्नांचा असतो. त्यामुळे उताऱ्यांत नेमकं काय कच्चं आहे हे शोधून काढणं ही माझ्या दृष्टीने शिकवण्याच्याही आधीची पायरी आहे.

उतारा वाचताना तीन निराळी कामं करावी लागतात. पहिलं काम साराचं, म्हणजे सगळं मिळून लेखक काय म्हणतो आहे ते पकडायचं. दुसरं तपशिलाचं, म्हणजे अमुक ओळीत नेमकं काय लिहिलं आहे ते अचूक वाचायचं. तिसरं अनुमानाचं, म्हणजे लिहिलेलं नाही पण लिहिलेल्यावरून निघतं ते ओळखायचं. हे तिन्ही एका छोट्या उताऱ्यावर करून पाहू. उतारा मी वर्गासाठी रचलेला आहे.

‘तालुक्यातल्या बहुतेक विहिरींची पाणीपातळी गेल्या पाच वर्षांत खाली गेली आहे. पाऊस मात्र या काळात सरासरीइतकाच झाला. ज्या सात गावांनी उसाखालचं क्षेत्र वाढू दिलं नाही, तिथली पातळी, एक गाव वगळता, टिकून राहिली. त्या एका गावाच्या शिवेवर कारखान्याने तीन कूपनलिका घेतल्या आहेत.’

साराचा प्रश्न असा असेल, की या उताऱ्याचा मुख्य मुद्दा कोणता? उत्तर आहे, पाणी घटलं ते पाऊस कमी झाल्यामुळे नव्हे, उपसा वाढल्यामुळे. हे वाक्य उताऱ्यात कुठेही नाही, पण चारही वाक्यं त्याच्याच दिशेने जातात. तपशिलाचा प्रश्न म्हणजे, ऊस न वाढवलेल्या किती गावांत पातळी टिकली? उत्तर सहा. सात लिहिणाऱ्याने ‘वगळता’ हा शब्द वाचलेलाच नाही. अनुमानाचा प्रश्न, पुढीलपैकी काय संभवतं? उत्तर, त्या एका गावातली घट कूपनलिकांमुळे झाली असावी. लेखकाने तसं म्हटलेलं नाही. त्याने दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत आणि त्यांची सांगड घालणं वाचणाऱ्यावर सोडलं आहे.

आता एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ज्याने ‘एक गाव वगळता’ वाचलं नाही, त्याला अनुमानाचं उत्तरही येणार नाही. त्याच्या लेखी सातही गावांत सगळं ठीक आहे, मग कूपनलिकांचा संबंध लावायचा कशाशी? गुणपत्रकात त्याची चूक अनुमानाच्या रकान्यात पडेल आणि मूळ मात्र तपशिलात असेल.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या वह्यांत हे इतक्या वेळा दिसतं, की त्यातल्या काही वह्या एकत्र करून मी शिकवण्यासाठी एक नमुना तयार केला आहे. आकडे सोपे केले आहेत, पण घडण खरी आहे. नमुन्यातली मुलगी परभणीकडची आहे, बीएस्सी झालेली, तिसरा प्रयत्न. ती आली तीच निदान घेऊन. “सर, माझं सार चांगलं आहे, तपशील बरा आहे. अनुमान कच्चं आहे. तेवढं करून घ्या.”

“कशावरून म्हणतेस?”

तिने आधीच्या पेपराचा कागद पुढे केला. साराचे सात प्रश्न होते, त्यातले सहा बरोबर. अनुमानाचे पंधरा होते, त्यातले सहा बरोबर. तिच्या मते विषय तिथेच संपला होता.

मी तो कागद बाजूला ठेवला, कारण एका पेपरावरून असं काहीच ठरत नाही. नाणं 100 वेळा उडवलं तर छापा 50 वेळा पडेल अशी आपली अपेक्षा असते, पण 43 किंवा 58 वेळा पडला तरी नाण्यात खोट आहे असं कोणी म्हणत नाही. 40 ते 60 च्या बाहेर गेला तरच शंका येते. म्हणजे दोन्ही बाजूंना दहाची मोकळीक असते, आणि 100 चं वर्गमूळ 10 आहे. परीक्षेतल्या प्रश्नांना हाच ठोकताळा लावता येतो. जितके प्रश्न, त्यांच्या वर्गमुळाइतकी वर-खाली हालचाल निव्वळ योगायोगाने होऊ शकते. सात प्रश्नांचं वर्गमूळ अडीचच्या पुढे आहे. म्हणजे सातपैकी सहा बरोबर आणणारी मुलगी उद्या त्याच ताकदीवर चारही आणेल. टक्क्यांत ते 86 वरून 57 वर घसरल्यासारखं दिसेल, ती रात्रभर झोपणार नाही, आणि प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसेल. टेस्ट सिरीजच्या निकालपत्रकांवर प्रकारवार टक्केवारीचे रंगीत चौकोन असतात. प्रत्येक पेपरानंतर मुलं त्यांच्याकडे ज्या काळजीने बघतात, ते पाहून मला वाईट वाटतं.

म्हणून तिचे सहा सराव पेपर घेतले. इंग्रजी उतारे वेगळे काढले, कारण तिथे चूक झाली तर शब्द अडला की विचार अडला हे सांगणं कठीण असतं. मराठी उताऱ्यांवरचे 270 प्रश्न उरले. मग आली सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत महत्त्वाची पायरी, प्रत्येक प्रश्न तिन्हींपैकी कशाचा आहे ते ठरवण्याची.

हे वाटतं तितकं सरळ नाही. 1989 साली लँकेस्टरचे चार्ल्स अल्डरसन आणि मुंबई विद्यापीठातल्या यास्मिन लुखमानी यांनी मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुंबईतल्या विद्यार्थ्यांना दिलेल्या इंग्रजी वाचनाच्या चाचणीतले प्रश्न त्यांनी अनुभवी शिक्षकांपुढे ठेवले आणि कुठला प्रश्न कुठलं कौशल्य तपासतो ते सांगायला सांगितलं. शिक्षकांचं आपसात पटेना. एकाला जो प्रश्न अनुमानाचा वाटला तो दुसऱ्याला साधा तपशिलाचा वाटला. ज्यांना वरच्या पातळीचे प्रश्न म्हणतात ते खालच्या पातळीच्या प्रश्नांपेक्षा मुलांना अवघड गेलेच, असंही दिसलं नाही. चाचण्यांच्या अभ्यासात हा निबंध आजही वाचला जातो. मला त्यातून एक व्यवहारी धडा मिळाला. एकट्याने प्रकार ठरवायचा नाही. मी आणि माझे एक सहकारी वेगवेगळे बसून खुणा करतो, मग वह्या समोरासमोर ठेवतो. या वेळी चर्चेनंतरही 20 प्रश्नांवर आमचं जमलं नाही, ते सोडून दिले. त्यातले बरेचसे ‘पुढीलपैकी कोणती विधाने बरोबर आहेत?’ या घाटाचे होते. तीन विधानांपैकी एक तपशिलाचं, एक अनुमानाचं आणि एक सारासारखं. असा प्रश्न चुकला तर नेमकं काय चुकलं हे उत्तरपत्रिका कधीच सांगणार नाही. परीक्षेत असे प्रश्न पुष्कळ येतात, ते सोडवायला शिकायलाच हवं, पण निदानाला ते उपयोगाचे नाहीत.

राहिले 250. त्यात साराचे 40, तपशिलाचे 120 आणि अनुमानाचे 90. तिची बरोबर उत्तरं अशी होती. सारात 29, तपशिलात 66, अनुमानात 48. टक्क्यांत 72, 55 आणि 53. अनुमान सर्वांत खाली होतं, आणि ती लगेच म्हणालीच, “बघा सर.”

पण हे आकडे एकमेकांशेजारी ठेवायचेच नसतात. अनुमानाचे प्रश्न आमच्या पेपरांत सगळ्यांनाच जड जातात. उंच उडी आणि लांब उडी यांचे सेंटिमीटर शेजारी ठेवून कोणी म्हणत नाही, की हा मुलगा उंच उडीत कच्चा आहे. तुलना करायची ती त्याच प्रश्नांवर इतरांनी काय केलं त्याच्याशी. तीही वर्गातल्या हुशार मुलांशी नाही, नाहीतर मागे असलेला प्रत्येक जण तिन्ही गोष्टींत कच्चा दिसतो आणि हाती काहीच लागत नाही. ज्यांची एकूण बेरीज तिच्याइतकीच आहे, अशांशी करायची. तिची बेरीज 143 होती. याच सहा पेपरांत तिच्या आसपास बेरीज असलेल्या मुलांची सरासरी काढली, तर सारात 25, तपशिलात 79 आणि अनुमानात 39 आली.

आता चित्र उलटं झालं. सारात ती बरोबरीच्यांपेक्षा चारने पुढे आहे. 40 चं वर्गमूळ सहाच्या थोडं वर, म्हणजे या चाराला अर्थ नाही. अनुमानात ती नऊने पुढे आहे. 90 चं वर्गमूळ साडेनऊ, म्हणजे हेही मोकळिकीच्या आतच, अगदी काठावर. अनुमान चांगलं आहे असं छातीठोक म्हणता येत नसलं, तरी कच्चं आहे असं तर मुळीच म्हणता येत नाही. आणि ज्या तपशिलाला ती बरा म्हणत होती, त्यात ती 13 ने मागे आहे. 120 चं वर्गमूळ अकराच्या आसपास, म्हणजे ही तूट योगायोगाने पडलेली दिसत नाही.

ती गप्प झाली. खरं सांगायचं तर तिला ते पटलं नव्हतं. तपशील म्हणजे शाळेतल्या ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ सारखं काहीतरी, ते तिसऱ्या प्रयत्नातल्या पदवीधर मुलीला कसं येणार नाही? तिची ही शंका रास्त होती, कारण आकड्यांनी आतापर्यंत फक्त जागा दाखवली होती, कारण दाखवलं नव्हतं. तपशिलातले प्रश्न वेळ पुरत नाही म्हणूनही चुकू शकतात. वेळ संपत आला की मुलं उतारा न वाचता प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधतात, आणि त्याची झळ सर्वांत आधी तपशिलाला लागते. हे पाहायला चुका कुठे आहेत ते बघायचं. शेवटच्या उताऱ्यांत दाटी असेल तर दुखणं वेळेचं. तिच्या 54 गेलेल्या प्रश्नांपैकी 26 पेपराच्या पहिल्या निम्म्या उताऱ्यांत होते आणि 28 उरलेल्यांत. कोरे सोडलेले फक्त तीन. म्हणजे घड्याळाचा दोष नव्हता. कोरे प्रश्न नेहमी वेगळे मोजावेत. सोडलेला आणि चुकलेला प्रश्न गुणांत जवळजवळ सारखे दिसतात, पण त्यांची कारणं अगदी निरनिराळी असतात.

यानंतरचं काम मला सर्वांत आवडतं. आपण मुलांच्या बरोबर उत्तरांकडे बघतो, पण माणूस कसा वाचतो ते चुकीचा पर्याय सांगतो. चांगल्या पेपरात चुकीचे पर्याय उगाच घातलेले नसतात. प्रत्येक पर्याय म्हणजे एका ठरावीक चुकीसाठी लावलेला सापळा असतो. तिच्या 51 चुकीच्या उत्तरांपुढे मी तिने निवडलेला पर्याय लिहून काढला. त्यातल्या 33 ठिकाणी तिने असा पर्याय घेतला होता, ज्यात उताऱ्यातलेच शब्द होते, फक्त मर्यादा घालणारा शब्द गळला होता. उताऱ्यात ‘बहुतेक विहिरी’, पर्यायात ‘विहिरी’. उताऱ्यात ‘पूर्वी परवानगी लागत असे’, पर्यायात ‘परवानगी लागते’. ‘फक्त’, ‘वगळता’, ‘किमान’, ‘अन्यथा’ हे शब्द जणू तिच्यासाठी कागदावर नव्हतेच. दहा ठिकाणी माहिती बरोबर होती पण उताऱ्यातल्या दुसऱ्याच गोष्टीबद्दलची. आठांत काही सूत्र सापडलं नाही. प्रत्येक प्रश्नात शब्द गाळलेला पर्याय नसतोच, तरीही 51 पैकी 33 वेळा ती त्याच सापळ्यात पाय ठेवत होती.

मग तिच्या अनुमानाच्या 42 चुका घेतल्या. त्यातले तीन कोरे धरून प्रत्येक प्रश्नाला मी एक साधा उपप्रश्न जोडला. ज्या ओळीवर अनुमान उभं आहे, त्या ओळीत काय म्हटलं आहे एवढंच विचारणारा. 23 प्रश्नांत ती त्या ओळीवरच घसरली. याचा अर्थ, अनुमानाच्या खात्यावर पडलेल्या निम्म्याहून जास्त चुका तपशिलाच्या होत्या. इमारत वरच्या मजल्यावर तडकलेली दिसत होती आणि पाया खचला होता. तिने अनुमानाचे आणखी 500 प्रश्न सोडवले असते तरी ही तडक बुजली नसती, या विचाराने मला आजही कसंसं होतं. कारण असे 500 प्रश्न सोडवून आलेली मुलं मी पाहिली आहेत.

शेवटची तपासणी कागदावर होत नाही. मी तिला शेजारी बसवलं, तिने चुकवलेले दहा तपशिलाचे उतारे समोर ठेवले आणि सांगितलं, “उत्तर सांगू नकोस. उत्तर ज्या ओळीत आहे तिच्यावर बोट ठेव.” दहापैकी नऊ वेळा बोट बरोबर ओळीवर पडलं. म्हणजे तिला जागा सापडत होती. मग म्हटलं, “आता ती ओळ मोठ्याने वाच.” विहिरींच्या उताऱ्यात ती वाचत गेली, “ज्या सात गावांनी उसाखालचं क्षेत्र वाढू दिलं नाही, तिथली पातळी टिकून राहिली.” बोट ओळीवरून सरकत होतं, ‘एक गाव वगळता’ या शब्दांवरूनही सरकलं, पण ते शब्द तोंडातून आले नाहीत. मी काही बोललो नाही. पुन्हा वाचायला सांगितलं. दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदा मी पेन्सिलीचं टोक ‘वगळता’वर ठेवलं, तेव्हा ती थांबली आणि म्हणाली, “हे मला दिसलंच नाही सर.”

कारण शोधायला मग वेळ लागला नाही. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी तिला जलद वाचनाचं तंत्र शिकवलं होतं. ओळीवरून नजर फिरवायची, मोठे शब्द उचलायचे, छोटे सोडायचे. सार पकडायला ते तंत्र उत्तम आहे आणि तिचं सार त्यामुळेच बरं होतं. पण मराठीत वाक्याचा अर्थ फिरवणारे शब्द बहुधा छोटेच असतात. ‘च’ आणि ‘ही’ तर एका अक्षराचे. ‘शेतकरीच जबाबदार’ आणि ‘शेतकरीही जबाबदार’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि घाईच्या नजरेला दोन्ही सारखेच दिसतात.

सगळ्यांचं दुखणं असंच निघतं असं नाही. ज्याचं सार कच्चं असतं, तो उताऱ्यातलं एखादं खरं वाक्य मुख्य मुद्दा म्हणून उचलतो, ‘सात गावांनी ऊस वाढू दिला नाही’ सारखं. वाक्य खरं आहे, पण उतारा त्यासाठी लिहिलेला नाही. नाहीतर उलट टोकाला जाऊन ‘पाण्याचं नियोजन ही काळाची गरज आहे’ असं कुठल्याही उताऱ्याला चालेल असं काहीतरी निवडतो. पहिल्याला उताऱ्यातून वर येता येत नाही, दुसरा उताऱ्यात उतरतच नाही. गुण दोघांचे सारखे असतात, पण शिकवायचं दोघांना वेगळं.

अनुमानाचंही तसंच. काही मुलं भित्री असतात. जे शब्दशः लिहिलं आहे तेवढंच निवडतात, एक पाऊल पुढे टाकत नाहीत. स्पर्धा परीक्षेच्या मुलांत मला दुसरा प्रकार जास्त दिसतो, आणि त्याचं कारण त्यांचा अभ्यासच असतो. त्यांनी भूगोल वाचलेला असतो, अर्थव्यवस्था वाचलेली असते. विहिरींच्या उताऱ्यावर ‘ठिबक सिंचनाने उपसा कमी होईल’ असा पर्याय दिला की ते तो घेतात, कारण ते त्यांना ठाऊक आहे. उताऱ्यात ठिबकचं नाव नाही. ‘ऊस बंद केल्यास पातळी पूर्ववत होईल’ हाही त्यातलाच. उताऱ्यात पातळी टिकल्याचं आहे, परत वर आल्याचं नाही. अशा मुलाला ओळखायची माझी एक खूण आहे. ज्या विषयाचं त्याला काहीच माहीत नाही, समजा मधमाश्यांचं नृत्य किंवा जुन्या नाण्यांची पारख, अशा उताऱ्यांवर त्याचं अनुमान सुधारतं आणि शेती-अर्थकारणाच्या उताऱ्यांवर पडतं. कौशल्य कच्चं असतं तर ते सगळीकडे सारखंच पडलं असतं.

आणि काही वेळा आकडे काहीच सांगत नाहीत. तिन्ही प्रकारांत मुलगा बरोबरीच्यांइतकाच असतो, कुठेही मोकळिकीबाहेर तूट नाही. अशा वेळी ओढूनताणून एक दुबळी बाजू शोधू नये. अमेरिकेत फ्रेडरिक डेव्हिस यांनी 1944 मध्ये वाचनाची नऊ वेगळी कौशल्यं मांडली, आणि दोनच वर्षांनी लुई थर्स्टन यांनी त्याच आकड्यांची फेरमांडणी करून दाखवलं, की ते सगळं एकाच सर्वसाधारण वाचनक्षमतेने समजावता येतं. तो वाद पुढे बरीच वर्षं चालला. मला वर्गात दोघांचीही माणसं भेटतात. सपाट आलेख असणाऱ्याला प्रकारवार व्यायाम देऊन उपयोग नसतो. त्याचा शब्दसंग्रह तोकडा असतो, किंवा लांब वाक्याचा कर्ता आणि क्रियापद जुळवतानाच त्याचा दम जातो. त्याने दररोज संपादकीय पानावरचा एक लेख सावकाश वाचावा, इतकंच मी सांगतो.

परभणीच्या मुलीला मी तीन आठवडे एकच काम दिलं. रोज दोन उतारे. नजर फिरवून एकदा वाचायचे, ती सवय मोडायची नाही. मग प्रश्न वाचायचा, ओळ शोधायची आणि ती ओळ पेन्सिलीने, शब्दाला शब्द, ओठ हलवत वाचायची. मर्यादा घालणाऱ्या शब्दाला गोल करायचा. पर्यायातही तोच शब्द आहे का ते पाहायचं, आणि नसेल तर तो पर्याय खोडायचा. अनुमानाचा एकही वेगळा प्रश्न द्यायचा नाही असं मी ठरवून टाकलं होतं. त्यामागे हेतू होता. निदान बरोबर असेल तर तपशील सुधारायला हवा, आणि त्याच्यामागून थोडंसं अनुमानही, शिकवल्याशिवाय. तसं झालं नाही तर माझं निदान चुकलं.

तीन आठवड्यांनी दोन नवे पेपर झाले. तपशिलाचे 42 प्रश्न होते. जुन्या गतीने तिचे 23 बरोबर यायला हवे होते, आले 33. दहाची वाढ, आणि मोकळीक साडेसहाची. पेपरच सोपे असतील म्हणून बरोबरीच्यांचे आकडे पाहिले, तर त्यांचे 42 पैकी 28 आले होते, जवळजवळ आधीच्याच प्रमाणात. अनुमानाचे 30 प्रश्न होते. जुन्या गतीने 16 आले असते, आले 19.

“म्हणजे अनुमानही वाढलं ना सर?”

“तीनने वाढलं. 30 चं वर्गमूळ किती?”

तिने मनात हिशेब केला आणि तोंड जरा उतरलं. “साडेपाच.”

“मग अजून चार पेपर दे,” मी म्हटलं, “आणि तोवर पेन्सिल सोडू नकोस.”